वजन भरलं, मग उंची का नाही? मुलांची राहून गेलेली वाढ आणि ती भरून निघण्याच्या अटी

पोषण पुनर्वसन केंद्रातून घरी गेलेला दीड वर्षाचा एक मुलगा पंधरा दिवसांनी आजीच्या कडेवर बसून पुन्हा तपासणीला आला. भरती झाला तेव्हा वजन ६.४ किलो होतं, आता ७.४. गाल वर आले होते, हट्ट करायला लागला होता, आणि आजीच्या मते तेच सगळ्यात मोठं औषध होतं. पण कार्डावरच्या दुसऱ्या रकान्यात लांबी तेव्हाही ७४ सेंटीमीटर होती आणि आजही ७४. आजीने बोट ठेवून विचारलं, "ह्ये का हाललं न्हाई? खातंय तर चांगलं."

प्रश्न साधा वाटतो, पण डॉक्टरांचा त्यावर साठ वर्षं काथ्याकूट चालू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे आले की वर्तमानपत्रांत 'खुजेपणा' हा शब्द येतो. २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि आधीच्या पाहणीतही आकडा जवळजवळ तोच होता. बातमी वाचली की घराघरांत दोन टोकाची मतं निघतात. एक म्हणजे 'वाढेल हो, मुलं एकदम उंच होतात'. दुसरं, 'पहिल्या दोन वर्षांत गेलं ते गेलं'. दोन्ही मतं काही मुलांबाबत बरोबर आहेत आणि काहींबाबत साफ चूक. कोणत्या मुलाबाबत कोणतं, हे कसं ओळखायचं तेच इथे सांगतो.

आधी एकच शब्द: भरपाईची वाढ

मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं की उंची वाढणं मंदावतं, कधी थांबतं. कारण दूर झालं की काही काळ ते त्या वयाच्या नेहमीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वाढतं आणि आपल्या मूळ वाटेवर परत येतं. या जास्तीच्या वेगाला मी 'भरपाईची वाढ' म्हणेन. झ्युरिकचे प्राडर आणि लंडनचे टॅनर यांनी १९६३ साली एका जर्मन सहकाऱ्याबरोबर अशा मुलांचे आलेख छापले, तेव्हापासून ही कल्पना रूढ झाली.

शब्दातच अट आहे, ती सुटू देऊ नका. आजारातून उठलेलं मूल पुन्हा वाढायला लागलं, इतक्याने भरपाई होत नाही. नेहमीच्या वेगाने वाढलं तर मागे पडलेलं अंतर तसंच राहतं. भरपाईसाठी त्याला वर्ग-सोबत्यांपेक्षा जास्त पळावं लागतं.

मग नेहमीचा वेग किती? पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्यात ११-१२, तिसऱ्यात ८-९, आणि चौथ्या-पाचव्या वर्षानंतर वयात येईपर्यंत दरवर्षी पाच ते सात. म्हणजे पहिल्या वर्षातले सहा महिने वाया गेले तर जितकं नुकसान होतं, तितकं सातव्या वर्षी दोन वर्षं वाया गेल्याने होईल. 'पहिले हजार दिवस' म्हणून जे कानीकपाळी ओरडून सांगतात त्यामागचं निम्मं गणित एवढंच आहे.

शरीराला कसं कळतं की आपण मागे आहोत?

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथल्या पेशी विभागतात, फुगतात, मागे हाड सोडत जातात, आणि त्याने हाड लांब होतं. वयात आल्यानंतर हा थर हाडात मिसळून जातो आणि उंची कायमची थांबते.

टॅनर यांना वाटायचं की मेंदूत कुठेतरी 'या वयात इतकी उंची हवी' असा हिशेब ठेवलेला असावा. ते पटण्यासारखं होतं. पण १९९४ साली जेफ्री बॅरन आणि सहकाऱ्यांनी सशांवर केलेला प्रयोग वेगळंच सांगून गेला. त्यांनी एकाच पायाच्या ग्रोथ प्लेटमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड थेट सोडलं. तेवढ्याच जागची वाढ मंदावली. औषध बंद केल्यावर तेवढीच जागा दुसऱ्या पायापेक्षा वेगाने वाढू लागली. मेंदूने हुकूम दिला असता तर दोन्ही पाय पळाले असते. म्हणजे भरपाईची सोय, निदान बरीचशी, हाडातच आहे.

यावरून निघालेलं स्पष्टीकरण असं: ग्रोथ प्लेटमधल्या पेशींची ताकद वर्षांनी कमी होत नाही, त्यांनी किती वेळा विभागणी केली त्यावर कमी होत जाते. उपासमारीत विभागणी थांबली तर म्हातारपणही थांबलं. चार वर्षांच्या मुलाच्या हाडात तीन वर्षांच्या मुलाची ताकद शिल्लक राहते, आणि संधी मिळताच ते तीन वर्षांच्या मुलाच्या वेगाने वाढतं. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून 'हाडांचं वय' काढतात ते याचसाठी. खऱ्या वयापेक्षा हाडांचं वय मागे असणं ही अशा मुलाची शिल्लक आहे. आईबाप तो रिपोर्ट बघून घाबरतात, डॉक्टर बरेचदा हुश्श करतो.

शेतातलं उदाहरण द्यायचं तर ज्वारीचं देता येईल. पावसाने ओढ दिली की ताटं गुडघ्याएवढीच राहतात. पीक पोटरीत येण्याआधी पाऊस परतला तर ताटं सरसरून वाढतात आणि बऱ्याच प्रमाणात सावरतात. पण कणीस बाहेर पडल्यावर कितीही पाऊस पडला तरी ताट उंच होत नाही. दाणा कदाचित भरेल. ओढ किती दिवसांची होती, पाऊस खरोखर परतला का, आणि कणीस पडायला किती वेळ उरलाय, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. मुलांचंही तसंच आहे.

पूर्ण भरपाई झालेली एक मुलगी

सगळ्यात स्वच्छ भरपाई दिसते ती सीलिॲक आजारात. यात गहू आणि जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू बंद केला की अस्तर पुन्हा उगवतं. कारण एकच, ते नेमकं कळतं, आणि पूर्ण काढून टाकता येतं. पंजाब-हरियाणाच्या मानाने आपल्याकडे तो कमी दिसतो, पण दिसतो.

आकडे समजावेत म्हणून एक मुलगी कल्पनेने उभी करतो. आकडे असेच असतात, मुलगी मात्र खरी नाही. वडील १७७ सेंटीमीटर, आई १६२. मुलीची अपेक्षित उंची काढायची तर दोघांची सरासरी काढून त्यातून साडेसहा वजा करायचे, मुलगा असेल तर मिळवायचे. सरासरी १६९.५ आली, म्हणून हिची अपेक्षित उंची १६३ च्या आसपास. योगायोगाने जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातली मधली रेषाही मुलींना तिथेच नेते, म्हणून हिची तुलना त्या मधल्या रेषेशी करणं रास्त आहे.

पहिल्या वाढदिवसाला मुलगी ७४ सेंटीमीटर होती, अगदी रेषेवर. मग पोळी, शिरा, बिस्किटं सुरू झाली. दीड वर्षापासून पोट फुगलेलं, शी पातळ, चेहरा पांढरट. लोहाचं औषध दिलं तरी रक्त वाढेना. चौथ्या वाढदिवसाला उंची ९५ भरली. मधली रेषा त्या वयाला १०२.७ वर असते, म्हणजे ती ७.७ सेंटीमीटर मागे. हाडांचं वय दोन वर्षं नऊ महिने. टीटीजी नावाची रक्ततपासणी आणि मग आतड्याचा तुकडा तपासून निदान झालं. इथे एक नेहमीची चूक सांगून ठेवतो: शंका आली म्हणून घरच्या घरी आधीच गहू बंद केला तर तपासणी खोटीच नॉर्मल येते. निदान होईपर्यंत पोळी चालू ठेवावी लागते.

गहू बंद झाला. मराठी घरात हे उत्तरेपेक्षा सोपं, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं हाताशी असतं. सहा महिन्यांत अडीच किलो वजन वाढलं, आई खूश. पण उंची वाढली ३.२ सेंटीमीटर. या वयात कोणतंही मूल सहा महिन्यांत साधारण तेवढंच वाढतं. म्हणजे वाढ सुरू झाली होती, भरपाई नव्हती. टीटीजीचा आकडाही म्हणावा तसा उतरलेला नव्हता. घरी विचारपूस केली तेव्हा कळलं की ज्वारी गावच्या गिरणीत दळली जाते, गव्हाच्या पाठोपाठ, त्याच जात्यावर. पहिलं मूठ-दोन मूठ पीठ निम्मं गव्हाचंच. शिवाय फोडणीत रोज डबीतला बांधणीचा हिंग, आणि त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं. घरघंटी आली, डबीतला हिंग गेला.

पुढच्या सहा महिन्यांत ती ६ सेंटीमीटर वाढली. पाचव्या वाढदिवसाला १०४.२, रेषेच्या ५.२ मागे. सहाव्याला ११२.५, अंतर २.६. सातव्याला ११९.७, अंतर १.१. आठव्याला १२६.१, अंतर अर्धा सेंटीमीटर. आता वेग इतर मुलींसारखाच झाला, हाडांचं वयही साडेसातवर आलं. भरपाई संपली, कारण भरायचं काही उरलं नाही.

वेगाचा चढउतार पाहा. सुरुवातीला नेहमीच्या जवळपास दुप्पट, मग सव्वापट-दीडपट, मग बरोबरीत. रेषेच्या जवळ गेलं की शरीर आपोआप ब्रेक लावतं. वजनातही हेच दिसतं. १९६९ मध्ये ॲन ॲशवर्थ यांनी जमैकात कुपोषणातून सावरणाऱ्या मुलांच्या नोंदी छापल्या. उंचीच्या मानाने योग्य वजन गाठेपर्यंत ती मुलं अफाट खायची आणि अफाट वेगाने भरायची. ते वजन गाठलं की कोणी न सांगता त्यांचं खाणं उतरायचं.

मग त्या आजीच्या नातवाचं काय?

आधी तिच्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर. पुनर्वसन केंद्रात नीट सावरणारं मूल दर किलोमागे दिवसाला दहा ग्रॅम किंवा जास्त वाढतं. साडेसहा किलोच्या मुलासाठी हे रोजचे ६०-७० ग्रॅम झाले. हे वजन पंधरा दिवसांत काट्यावर दिसतं. शरीर आधी मांस आणि चरबी भरून काढतं, हाडाकडे नंतर वळतं. उंचीचा वेग वाढायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने जातात. त्यात तीव्र कुपोषणाच्या उपचारांची सगळी मापं, म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आहे का, उंचीच्या मानाने वजन किती, ही जीव वाचवण्यासाठी बनवलेली आहेत. मूल 'बरं झालं' म्हणून घरी पाठवतात तेव्हा त्याचं वजन त्याच्या खुज्या उंचीला शोभेसं झालेलं असतं. उंची कुणी बरी केलेली नसते.

आता अवघड भाग. सीलिॲकच्या मुलीत आणि या मुलात फरक आहे तो 'कारण दूर झालं का' याच्यात. तिचं कारण गिरणीच्या पत्त्यावर सापडलं. याचं कारण एका जागी नाही. आई स्वतः दीडशे सेंटीमीटरच्या खाली, गरोदरपणात सोयाबीन काढणीला जाणारी, रक्त कमी. जन्माचं वजन २ किलो १००. सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न म्हणजे डाळीचं पाणी आणि पार्लेच्या पुड्यातली बिस्किटं. पावसाळ्यात तीनदा जुलाब. केंद्रातले पंधरा दिवस संपल्यावर तो त्याच घरात, त्याच पाण्यावर परत गेला. ज्वारीच्या भाषेत, एक सर आली आणि पुन्हा ओढ बसली.

शिवाय वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या आतड्याला कायमची बारीक सूज राहते. सूज असली की ग्रोथ प्लेटला वाढीचे संदेश नीट पोचत नाहीत, अन्न समोर असलं तरी. म्हणून 'खाऊ घाला, उंच होईल' हे अर्धंच खरं.

तक्त्यावर सुधारणा, टेपवर घट

खुजेपणाच्या चर्चेत सगळ्यात मोठी फसगत होते ती इथे, आणि ती डॉक्टरांचीही होते.

मुलाला 'खुजं' ठरवताना मधल्या रेषेपासून तो किती 'पायऱ्या' खाली आहे ते पाहतात. दोन पायऱ्यांच्या खाली गेलं की खुजं. पण पायरी प्रत्येक वयाला वेगळ्या उंचीची असते. दोन वर्षांच्या मुलींत एक पायरी ३.२ सेंटीमीटरची, पाच वर्षांच्या मुलींत पावणेपाचची. कारण वय वाढतं तशी निरोगी मुलींच्या उंचीतही तफावत वाढते.

आता एक मुलगी घ्या. दोन वर्षांची असताना ७९.३ सेंटीमीटर, मधली रेषा ८५.७. बरोबर दोन पायऱ्या खाली, खुजेपणाच्या उंबरठ्यावर, ६.४ सेंटीमीटर मागे. पाच वर्षांची झाली तेव्हा १०२, मधली रेषा १०९.४. आता ती साधारण दीड पायरी खाली आहे. अहवालात तिची नोंद 'सुधारली' अशी होईल. पण ती मागे किती आहे? ७.४ सेंटीमीटर. तीन वर्षांत अंतर एक सेंटीमीटरने वाढलं आणि कागदावर ती सुधारली.

कुणी लबाडी केली असं नाही. पायऱ्यांचं माप लोकसंख्येचा अंदाज घ्यायला उत्तम आहे. पण एका मुलाची भरपाई झाली का, हे पाहायचं तर सेंटीमीटरमधलं अंतर कमी होतंय का ते पाहायला हवं. जेफ लेरॉय, मारी रुएल आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुमाराला अनेक गरीब देशांच्या आकड्यांना हाच हिशेब लावला. दोन ते पाच वर्षांत जी भरपाई दिसत होती ती विरून गेली, अंतर वाढतच होतं. मला स्वतःला हे पटायला वेळ लागला, कारण माझ्याही जुन्या फायलींत अशी 'सुधारलेली' मुलं बरीच होती.

"आपण भारतीय मुळातच बुटके, परदेशी तक्ता कशाला?"

हा तक्ता परदेशी नाही. २००६ साली आलेल्या या मापांसाठी सहा देशांतली मुलं मोजली होती आणि त्यांत दिल्लीची मुलं होती: आईचं दूध, स्वच्छ पाणी, वेळेवर लसी मिळालेली, बऱ्या परिस्थितीतली. पाच वर्षांपर्यंत त्यांची वाढ ऑस्लोच्या मुलांच्या बरोबरीची निघाली. लहानपणीची उंची वंशापेक्षा परिस्थितीवर जास्त ठरते. पाच वर्षांनंतर मात्र भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. ते बनवण्यात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकरांचा मोठा वाटा आहे.

आईवडील बुटके असले तर? अपेक्षित उंची त्यांच्यावरूनच काढायची, पण जरा सांभाळून. आई स्वतः लहानपणी उपाशी राहिलेली असेल तर तिची १४८ ही उंची तिच्या जनुकांची खरी उंची नसते. त्यावरून मुलीची अपेक्षा काढली तर आपण कुपोषणालाच घराण्याचा वारसा म्हणू.

"मग घरच बदललं तर?"

हा प्रयोग कुणी मुद्दाम करणार नाही, पण आयुष्याने केला. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा लेम प्रूस आणि सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला आणि १९९१ मध्ये तो छापला. बऱ्याच मुली पोचल्या तेव्हा खुज्या होत्या. अन्न, पाणी, डॉक्टर, सगळं एका दिवसात बदललं. पाऊस पूर्ण परतला म्हणा. पहिल्या वर्षांत त्यांनी धडाक्याने भरपाई केली.

तरी मोठेपणी सरासरी उंची १५४ भरली. का? त्यांना पाळी साधारण ११.६ व्या वर्षी आली, काहींना तर सात-आठ वर्षांची असताना. उपासमारीनंतर अचानक आलेल्या सुबत्तेने शरीराचं घड्याळच पुढे पळवलं. वयात आल्यावर उंची झपाट्याने वाढते खरी, पण ग्रोथ प्लेटही बंद होऊ लागते. लहानपणी जे कमावलं ते वाढीची वर्षं आखडल्याने हातचं गेलं. ताटं सरसरली, पण कणीस लवकर पडलं.

थायरॉइडच्या आजारातही घड्याळाचाच घोळ होतो. थायरॉइड कमी पडलेलं मूल वर्षानुवर्षं वाढत नाही आणि हाडांचं वय खूप मागे राहतं, म्हणून सगळे म्हणतात, भरपूर शिल्लक आहे. १९८८ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की आजार जितकी वर्षं अंगावर काढला, तितकी मोठेपणी उंची कमी भरली. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या दीडेक वर्षात हाडं उंचीपेक्षा वेगाने 'वयस्क' झाली. शिल्लक होती, पण ती खर्चायला पुरेसा वेळ मिळाला नाही.

म्हणून खुजी राहिलेली मुलगी आठव्या-नवव्या वर्षीच वयात येऊ लागली तर 'चला, आता उंच होईल' म्हणून पेढे वाटू नयेत. तिला महिन्याभरात मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाकडे न्यावं.

"दोन वर्षांनंतर दार बंदच का?"

बंद नाही. गांबियातल्या खेड्यांतली मुलं वर्षानुवर्षं मोजली गेली आहेत. तिथे दोन वर्षांनंतर आणि पुन्हा किशोरवयात बरीच भरपाई दिसते, कुठलीही खास योजना नसताना. तिची तऱ्हा मात्र स्वीडनच्या उलट आहे. तिथे मुलं उशिरा वयात येतात आणि वाढत राहतात, काही मुलगे तर विशीपर्यंत. वेग वाढवून भरपाई होते तशी वेळ वाढवूनही होते. आपल्याकडेही वडीलधारी माणसं सांगतात, 'मी कॉलेजात गेल्यावर उंच झालो'. ते बरेचदा खरं असतं.

पण या उशिराच्या भरपाईवर विसंबून राहता येत नाही. ती अर्धवट असते, आणि मूल किती उशिरा वयात येईल ते आपल्या हातात नाही. मुलींच्या बाबतीत लग्न आणि बाळंतपण त्या वर्षांत येऊन पडलं तर उरलेली वाढही संपते.

"जास्त खाऊ घातलं तर भरपाई लवकर होईल?"

इथे हात आवरावा लागतो. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मापासून अभ्यासली. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी होती, पण चरबी त्यांच्या वजनाच्या मानाने जास्त होती. अशा बाळाला उंची वाढत नसताना तूप-साखर आणि डब्यातल्या 'उंची वाढवणाऱ्या' पावडरी ओतल्या तर वाढते ती कंबर, आणि पुढे मधुमेहाची शक्यता. उंची मागे असलेल्या मुलाला लागतं ते अंडं, दूध, डाळ, शेंगदाणे, हिरवी भाजी, जंत आणि रक्त तपासणं, आणि जुलाब लागले की झिंकच्या गोळ्या पूर्ण चौदा दिवस. पावडरीत जे असतं ते एका अंड्यात स्वस्तात मिळतं. डब्यावरच्या उंच मुलाचे आईबाप उंच असतात.

कार्डावर काय बघायचं

दोन मापांत किमान सहा महिन्यांचं अंतर हवं. महिन्या-महिन्याने उंची मोजून काही कळत नाही, कारण मोजणाऱ्याची चूकच अर्ध्या सेंटीमीटरची असते. दोन वर्षांपर्यंत मूल आडवं ठेवून मोजतात, नंतर उभं. त्याच मुलाची उभी उंची आडव्या लांबीपेक्षा ०.७ सेंटीमीटरने कमी भरते, म्हणून नोंदीशेजारी 'आडवं' किंवा 'उभं' लिहिलेलं असलं पाहिजे. सकाळी मोजलं असेल तर पुढच्या वेळीही सकाळीच मोजा. मग मागच्या सहा महिन्यांतली वाढ काढा आणि त्या वयाच्या नेहमीच्या वाढीशी ताडून बघा. जास्त असेल तर भरपाई चालू आहे. तेवढीच असेल तर अंतर गोठलंय. आणि वजन भरूनही वर्षभर अंतर गोठलेलंच असेल, तर खाण्याचा मुद्दा बाजूला ठेवून कारण शोधायची वेळ झाली: सीलिॲक, थायरॉइड, मूत्रपिंड, क्षय, दम्यासाठी वर्षानुवर्षं चाललेलं स्टेरॉइड.

सहा महिन्यांनी आजी पुन्हा आली ती चिडूनच. अंगणवाडीत नातवाला उभं करून मोजलं होतं, ७९.६. "ताईनं लिवलंय, पर मला वाटतं पोरगं कमीच भरलं." आम्ही त्याला लाकडी पाटावर आडवं घेतलं. एकीने डोकं धरलं, मी गुडघे दाबून पावलं फळीला टेकवली, त्याने माझ्या चष्म्याला हात घातला. आडवा भरला ८०.३. दीड ते दोन वर्षांत मुलगे साधारण साडेपाच सेंटीमीटर वाढतात, हा ६.३ वाढला होता. जवळजवळ एक सेंटीमीटर जास्त. अजून साडेसात सेंटीमीटर मागेच आहे, आणि जन्मापासून मागे राहिलेल्या मुलाचं ते सगळं भरेल असं मी तिला सांगितलं नाही. पावसाळ्यात एकदाच जुलाब झाले म्हणाली, पाणी आता उकळून देतात, आणि कोंबड्या पाळल्यात.

कार्डावर ८०.३ लिहून पुढे 'आडवं' असं लिहिलं. आजीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, पुढची तारीख दिवाळीच्या आधीची पडते का नंतरची.